जेट इंजिन आणि प्रोपेलर इंजिन यांची रेटानिर्मिती

विमानाला पुढे ढकलणाऱ्या बलाला रेटा किंवा प्रणोद असे म्हणतात. जेट इंजिन आणि प्रोपेलर इंजिन ही दोन्ही हवेला मागे फेकून रेटा निर्माण करतात. म्हणजे दोहोंमागील भौतिक नियम एकच आहे. फरक आहे तो हवेच्या प्रमाणात आणि तिला दिलेल्या वेगात. प्रोपेलर पुष्कळ हवेला थोडा वेग देतो, तर जेट इंजिन त्यामानाने थोड्या हवेला पुष्कळ वेग देते. या एका फरकातून दोन्ही इंजिनांची इंधनाची बचत, उड्डाणाच्या वेळचे बळ, कमाल वेग आणि आवाज यांतील बहुतेक भेद उद्भवतात.

प्रोपेलर फिरवणारे इंजिन पिस्टनचे असू शकते किंवा वायू टर्बाइनचे. दुसऱ्या प्रकाराला टर्बोप्रॉप म्हणतात. या लेखात 'प्रोपेलर इंजिन' म्हणजे ज्याचा रेटा मुख्यतः प्रोपेलरपासून मिळतो असे कोणतेही इंजिन, आणि 'जेट इंजिन' म्हणजे ज्याचा रेटा इंजिनाच्या आतून जाणाऱ्या हवेच्या झोतापासून मिळतो असे इंजिन, असा अर्थ घेतला आहे.

## मूलतत्त्व

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार एखाद्या वस्तूच्या संवेगात दर सेकंदाला जितका बदल होतो, तितके बल तिच्यावर कार्य करत असते. तिसऱ्या नियमानुसार तेवढेच बल उलट दिशेने बल लावणाऱ्या वस्तूवरही येते. इंजिनाने हवेला मागे ढकलले की हवा इंजिनाला पुढे ढकलते. दर सेकंदाला इंजिनातून जाणारी हवा m किलोग्रॅम, विमानाचा वेग V आणि मागे सोडलेल्या हवेचा विमानाच्या सापेक्ष वेग v मानला, तर इंधनाचे अल्प वस्तुमान सोडून देऊन रेटा पुढीलप्रमाणे मिळतो:

F = m × (v − V)

या सूत्रात रेटा वाढवण्याचे दोन मार्ग दिसतात. एक तर m वाढवावा, नाही तर (v − V) हा वेगातील फरक वाढवावा. रेट्याच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखेच आहेत. ऊर्जेच्या दृष्टीने मात्र ते सारखे नाहीत. संवेग वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तोच रेटा थोड्या हवेला फार वेग देऊन मिळवायचा असेल, तर अधिक ऊर्जा खर्च होते. ही जादा ऊर्जा विमानाच्या मागे राहिलेल्या वेगवान हवेत वाया जाते.

हवेला दिलेल्या ऊर्जेपैकी जितका भाग विमान पुढे नेण्याच्या कामी येतो, त्या प्रमाणाला प्रणोदन कार्यक्षमता म्हणतात. तिचे आदर्श मूल्य असे येते:

η = 2V / (V + v)

v हा V च्या जितका जवळ, तितकी ही कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या जवळ जाते. मात्र v आणि V समान झाले तर रेटाच शून्य होतो. त्यामुळे पूर्ण कार्यक्षमता ही केवळ सैद्धांतिक मर्यादा आहे. या विचाराचा पाया एकोणिसाव्या शतकात विल्यम रँकिन आणि रॉबर्ट फ्राउड यांनी जहाजांच्या प्रोपेलरसाठी घातला. पुढे तोच विचार विमानांना लागू करण्यात आला.

## प्रोपेलरपासून मिळणारा रेटा

प्रोपेलरचे प्रत्येक पाते हे फिरणाऱ्या पंखासारखे असते. त्याचा छेद विमानाच्या पंखाच्या छेदासारखाच असतो. पाते हवेतून फिरताना त्याच्या पुढील बाजूस दाब कमी होतो व मागील बाजूस वाढतो. दाबातील या फरकामुळे पात्यावर पुढच्या दिशेने बल येते. हे बल पात्यांकडून मधल्या तुंब्याकडे, तेथून प्रोपेलरच्या दंडाकडे आणि दंडाला आधार देणाऱ्या बेअरिंगमार्फत इंजिनाच्या चौकटीकडे जाते. शेवटी ते इंजिनाच्या जोडण्यांमधून विमानाच्या सांगाड्यापर्यंत पोहोचते. अशा रीतीने पिस्टनच्या इंजिनात इंधनाचे ज्वलन जेथे होते, तेथे रेटा जवळपास निर्माण होतच नाही. इंजिन केवळ दंड फिरवते आणि रेट्याचे काम सर्वस्वी पाती करतात.

यामुळे प्रोपेलर इंजिनाचे मोजमाप शक्तीत, म्हणजे अश्वशक्ती किंवा किलोवॉटमध्ये दिले जाते. दंडाला मिळणारी शक्ती सर्व वेगांना जवळपास तीच राहते. बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. म्हणून शक्ती स्थिर असताना वेग वाढला की रेटा कमी होतो. स्थिर उभ्या विमानाचा प्रोपेलर सर्वांत जास्त रेटा देतो आणि विमान जसजसे वेग घेते, तसतसा तो घटत जातो.

पात्याचा तिरपेपणा बदलता येणे हेही प्रोपेलरच्या बाबतीत महत्त्वाचे असते. विमान थांबलेले असताना पाते केवळ फिरण्याच्या दिशेने हवा कापते. वेग वाढल्यावर हवा समोरूनही येते आणि पात्यावर पडणाऱ्या हवेची दिशा बदलते. तिरपेपणा एकच ठेवला, तर एका वेगाला योग्य असलेले पाते दुसऱ्या वेगाला एक तर नुसतेच फिरते, किंवा त्यावरून हवेचा प्रवाह सुटून ते रेटा गमावते. म्हणून बहुतेक मोठ्या विमानांच्या प्रोपेलरमध्ये वेगानुसार पात्यांचा कोन आपोआप बदलणारी यंत्रणा असते.

## जेट इंजिनापासून मिळणारा रेटा

सर्वांत साध्या जेट इंजिनाला टर्बोजेट म्हणतात. त्यात हवा समोरून आत येते, संपीडकात दाबली जाते, ज्वलनकक्षात इंधन जळून तापते व प्रसरण पावते. मग ती टर्बाइन फिरवून नोझलमधून वेगाने बाहेर पडते. टर्बाइन आणि संपीडक एकाच दंडावर असतात, आणि टर्बाइनने मिळवलेली शक्ती संपीडक चालवण्यात खर्च होते. त्यानंतर वायूत जी ऊर्जा उरते तिच्यामुळे झोताला वेग मिळतो. येथे दंडावरील शक्ती बाहेर दिली जात नाही. म्हणून जेट इंजिनाचे मोजमाप अश्वशक्तीत न देता थेट रेट्यात, म्हणजे किलोन्यूटनमध्ये देतात.

झोत मागे जातो म्हणून इंजिन पुढे जाते, हे विधान बरोबर असले तरी बल इंजिनाच्या कोणत्या भागावर येते हे त्यातून कळत नाही. झोत मागच्या हवेला टेकून ढकलतो, हा समज चुकीचा आहे. रेटा म्हणजे इंजिनाच्या आतील सर्व पृष्ठभागांवर वायूच्या दाबामुळे येणाऱ्या बलांची बेरीज होय. रोल्स-रॉइस कंपनीच्या 'द जेट इंजिन' या ग्रंथात एका नमुनेदार टर्बोजेटसाठी या बलांची विभागणी दिली आहे. तिचे आकडे किलोन्यूटनमध्ये रूपांतरित केल्यास चित्र साधारण असे दिसते:

| इंजिनाचा भाग | बल (किलोन्यूटन) | दिशा |
|---|---|---|
| संपीडक | ८५ | पुढे |
| संपीडकानंतरचा रुंदावणारा मार्ग | १० | पुढे |
| ज्वलनकक्ष | १५२ | पुढे |
| टर्बाइन | १८३ | मागे |
| टर्बाइननंतरची नळी | ११ | पुढे |
| नोझल | २५ | मागे |
| एकूण रेटा | सुमारे ५० | पुढे |

संपीडकाच्या मागील बाजूस दाब जास्त असल्यामुळे तो पुढे ढकलला जातो. ज्वलनकक्षाची पुढची भिंत बंद असते व मागची बाजू उघडी असते. त्यामुळे आतील दाबाचे पुढच्या भिंतीवरील बल मागच्या बाजूस तोलले जात नाही. टर्बाइनमध्ये परिस्थिती उलट असते. तिच्यासमोर दाब जास्त व मागे कमी असल्याने ती मागे ढकलली जाते. निमुळत्या नोझलच्या भिंतींवरही वायू मागच्या दिशेने दाब देतो. नोझल नसते तर झोताला पुरेसा वेग आला नसता, तरीही खुद्द नोझलवरचे बल मागच्या दिशेचे असते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. नोझल आपल्या मागच्या अडथळ्यामुळे आतील दाब टिकवून धरते आणि त्या दाबाचा लाभ पुढील भागांना मिळतो.

वरील तक्त्यात पुढच्या दिशेची बले सुमारे २५८ व मागच्या दिशेची सुमारे २०८ किलोन्यूटन आहेत. विमानाला मिळणारा ५० किलोन्यूटनचा रेटा ही त्यांची वजाबाकी आहे. प्रोपेलरमध्ये मात्र सर्व रेटा पात्यांवर एकाच ठिकाणी निर्माण होतो.

## एका उदाहरणातून तुलना

दोन्ही पद्धतींतील फरक आकड्यांत पाहण्यासाठी असे मानू की, एका विमानाला १५० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५४० किलोमीटर वेगाला २० किलोन्यूटन रेटा हवा आहे. हवेची घनता समुद्रसपाटीची धरली आहे आणि घर्षणादी तोटे सोडून दिले आहेत.

हा रेटा प्रोपेलरने मिळवायचा असेल, तर दर सेकंदाला १,००० किलोग्रॅम हवेचा वेग २० मीटर प्रतिसेकंदाने वाढवणे पुरेसे आहे. १,००० ला २० ने गुणल्यास २०,००० न्यूटन मिळतात. एवढी हवा हाताळण्यासाठी प्रोपेलरचा व्यास सुमारे अडीच मीटर लागतो. टर्बोजेटने दर सेकंदाला फक्त ५० किलोग्रॅम हवा घेतली असे मानल्यास, तिचा वेग ४०० मीटर प्रतिसेकंदाने वाढवावा लागेल. येथेही गुणाकार २०,००० न्यूटनच येतो.

| | प्रोपेलर | टर्बोजेट |
|---|---|---|
| दर सेकंदाची हवा | १,००० किग्रॅ | ५० किग्रॅ |
| विमानाच्या सापेक्ष मागील हवेचा वेग | १७० मी/से | ५५० मी/से |
| रेटा | २० किलोन्यूटन | २० किलोन्यूटन |
| विमानाला उपयोगी शक्ती | ३,००० किलोवॉट | ३,००० किलोवॉट |
| हवेला द्यावी लागणारी शक्ती | ३,२०० किलोवॉट | ७,००० किलोवॉट |
| प्रणोदन कार्यक्षमता | ९४ टक्के | ४३ टक्के |

दोन्ही विमाने एकाच वेगाने, एकाच रेट्याने उडत आहेत. तरी टर्बोजेटला हवेवर दुपटीहून अधिक शक्ती खर्च करावी लागते. प्रोपेलर हवेत २०० किलोवॉट सोडून देतो, तर टर्बोजेट ४,००० किलोवॉट. प्रत्यक्षातील प्रोपेलरमध्ये पात्यांचे घर्षण व हवेला मिळणारा पीळ यांमुळे कार्यक्षमता वरील आदर्श आकड्याहून कमी, चांगल्या रचनेत ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान राहते. तरीही मध्यम वेगाला प्रोपेलरच अधिक काटकसरी ठरतो.

आता तीच दोन इंजिने त्याच शक्तीवर वेगवेगळ्या वेगांना चालवली, तर चित्र बदलते. ३,२०० किलोवॉट शक्तीचा आदर्श प्रोपेलर विमान स्थिर असताना सुमारे ५० किलोन्यूटन रेटा देऊ शकतो. १५० मीटर प्रतिसेकंदाला तो २० किलोन्यूटनवर येतो आणि २४० मीटर प्रतिसेकंदाला, म्हणजे ताशी ८६४ किलोमीटरला, सुमारे १३ किलोन्यूटनवर. टर्बोजेटमधील हवेचे प्रमाण व झोताचा वेग कायम धरल्यास त्याचा रेटा स्थिर असताना २७.५, मग २० आणि शेवटी १५.५ किलोन्यूटन इतका राहतो. प्रत्यक्षात टर्बोजेटची घट याहूनही कमी असते. वेग वाढल्यावर समोरची हवा इंजिनात आपोआप दाबून शिरते, त्यामुळे हवेचे प्रमाण आणि दाब दोन्ही वाढतात आणि (v − V) मधील घट बऱ्याच अंशी भरून निघते. म्हणून ध्वनीच्या वेगाखाली टर्बोजेटचा रेटा वेगानुसार फारसा बदलत नाही, असे ढोबळमानाने मानले जाते.

याच उदाहरणात २४० मीटर प्रतिसेकंदाला टर्बोजेटची प्रणोदन कार्यक्षमता ४३ वरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते, कारण विमानाचा वेग झोताच्या वेगाच्या जवळ आलेला असतो. जेट इंजिन वेगवान विमानाला अनुकूल का असते, याचे हे पहिले कारण होय.

## प्रोपेलरची वेगमर्यादा

दुसरे कारण प्रोपेलरच्या पात्यांच्या टोकांशी निगडित आहे. पात्याचे टोक फिरत असते आणि त्याच वेळी विमानासोबत पुढेही जात असते. हे दोन वेग एकमेकांना काटकोनात असल्यामुळे टोकाचा एकूण वेग पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येतो. वरील उदाहरणातील अडीच मीटरचा प्रोपेलर मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर केवळ फिरण्यामुळे टोकाचा वेग सुमारे २०० मीटर प्रतिसेकंद होतो. विमान १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असल्यास टोकाचा एकूण वेग २५० मीटर प्रतिसेकंद असतो. विमानाचा वेग २४० झाला की तोच ३१२ वर जातो. अकरा किलोमीटर उंचीवरील थंड हवेत ध्वनीचा वेग सुमारे २९५ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे विमान ध्वनीच्या वेगाखाली असतानाच पात्याची टोके ध्वनीचा वेग ओलांडतात.

असे झाले की टोकांपाशी आघाततरंग निर्माण होतात. पात्यावरील हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो, रेटा घटतो आणि आवाज असह्य होतो. अमेरिकेत १९५५ साली उडालेल्या एक्सएफ-८४एच या प्रायोगिक विमानात ध्वनीपेक्षा वेगाने फिरणाऱ्या टोकांचा प्रोपेलर वापरण्यात आला होता. त्याच्या आवाजामुळे जमिनीवरील कर्मचाऱ्यांना मळमळ व डोकेदुखीचा त्रास होत असे.

यावर एक उपाय म्हणजे प्रोपेलर सावकाश फिरवणे. भारतातील प्रादेशिक मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या एटीआर ७२ या टर्बोप्रॉप विमानाच्या सहा पात्यांच्या प्रोपेलरचा व्यास सुमारे ३.९ मीटर आहे. उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला १,२०० फेरे घेतो, तर वर गेल्यावर फेरे सुमारे ९८० पर्यंत उतरवले जातात. त्यामुळे ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतानाही टोकांचा वेग ध्वनीच्या वेगाखाली राहतो. सोव्हिएत बनावटीच्या टुपोलेव्ह टीयू-९५ या विमानात एकामागे एक, विरुद्ध दिशांनी सावकाश फिरणारे मोठे प्रोपेलर बसवलेले आहेत. त्यामुळे ते ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पोहोचू शकते. मात्र ते अत्यंत गोंगाटी विमान म्हणून प्रसिद्ध आहे.

जेट इंजिनाची फिरती पाती या अडचणीपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असतात, कारण ती बंद आवरणाच्या आत असतात. हवा आत घेणारा मार्ग पुढून मागे रुंद होत जातो व पात्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी हवेचा वेग कमी करतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानातही इंजिनात शिरणारी हवा संपीडकापर्यंत येईतो ध्वनीच्या सुमारे निम्म्या वेगावर आणली जात असे. विमान कितीही वेगाने जात असले, तरी इंजिनाच्या पहिल्या पात्यांना तो वेग जाणवू नये, ही सोय उघड्या प्रोपेलरला उपलब्ध नसते.

## मेसरश्मिट २६२ चे उदाहरण

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे मेसरश्मिट २६२ हे जेट लढाऊ विमान आणि अमेरिकेचे पी-५१ मुस्टँग हे प्रोपेलर विमान एकमेकांसमोर आले. दोन्ही प्रकारच्या रेट्यांचे गुणदोष या प्रसंगी स्पष्ट दिसले.

मेसरश्मिट २६२ ने जेट इंजिनांवर पहिले उड्डाण १८ जुलै १९४२ रोजी केले आणि १९४४ मध्ये ते लढाईत उतरले. त्याच्या दोन युमो ००४ इंजिनांपैकी प्रत्येकाचा रेटा सुमारे ८.८ किलोन्यूटन होता. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ८७० किलोमीटर होता, तर मुस्टँगचा सुमारे ७०० किलोमीटर. मुस्टँगचे इंजिन साधारण १,५०० अश्वशक्तीचे, म्हणजे १,१०० किलोवॉटचे होते.

जेट विमानाची उपयोगी शक्ती वेगाबरोबर कशी वाढते हे येथे पाहता येते. धावपट्टीवर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना १७.६ किलोन्यूटन रेट्याची उपयोगी शक्ती सुमारे ४९० किलोवॉट होते. उंचावरील विरळ हवेत रेटा १० किलोन्यूटनपर्यंत उतरला असे मानले, तरी ताशी ८६४ किलोमीटरला तीच शक्ती २,४०० किलोवॉट, म्हणजे ३,२०० अश्वशक्तीहून अधिक होते. एवढी शक्ती देणारे पिस्टन इंजिन अतिशय जड झाले असते आणि त्या वेगाला प्रोपेलरची कार्यक्षमताही ढासळली असती. म्हणून वर, पूर्ण वेगात असलेले मेसरश्मिट २६२ मुस्टँगच्या वैमानिकाला गाठणे कठीण होते.

उतरताना व उड्डाण करताना मात्र परिस्थिती उलट होई. कमी वेगाला जेटची उपयोगी शक्ती थोडी असे आणि विमान वेग घ्यायला वेळ लावी. शिवाय युमो ००४ इंजिनाला इंधन सावकाशच वाढवावे लागे. खटका एकदम पुढे केल्यास इंजिन अतितप्त होई किंवा विझून जाई. पिस्टन इंजिनाचा प्रोपेलर जवळपास तत्काळ प्रतिसाद देतो, पण उतरण्याच्या तयारीत असलेल्या जेटच्या वैमानिकाला संकट दिसले तरी लगेच वेग घेता येत नसे. दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांनी हा दोष ओळखला व ते या विमानांना त्यांच्या विमानतळांजवळ गाठू लागले. त्यामुळे मेसरश्मिट २६२ ची उड्डाणे व उतरणे सुरक्षित राहावीत म्हणून जर्मनीला फोके-वुल्फ १९० ही प्रोपेलर विमाने पहाऱ्यावर ठेवावी लागली.

## टर्बोफॅन : दोहोंमधील मार्ग

आजच्या प्रवासी विमानांत साधे टर्बोजेट वापरले जात नाही. त्याऐवजी टर्बोफॅन इंजिन असते. त्याच्या पुढच्या भागात एक मोठा पंखा असतो. पंख्यातून जाणाऱ्या हवेचा लहान भाग संपीडक व ज्वलनकक्षातून जातो, आणि मोठा भाग त्या गाभ्याला वळसा घालून बाहेरच्या मार्गाने थेट मागे जातो. वळसा घालणारी हवा आणि गाभ्यातील हवा यांच्या प्रमाणाला वळसा गुणोत्तर म्हणतात. एअरबस ए३२०निओ विमानावरील लीप-१ए इंजिनात हे गुणोत्तर सुमारे ११ आहे. म्हणजे ज्वलनकक्षाकडे जाणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅम हवेमागे ११ किलोग्रॅम हवा जळल्यावाचून मागे फेकली जाते. अशा इंजिनात बहुतांश रेटा पंख्याच्या थंड हवेपासून मिळतो.

टर्बोफॅनने प्रोपेलरकडून 'पुष्कळ हवा, थोडा वेग' हे तत्त्व घेतले आणि जेटकडून बंद आवरणाचा लाभ घेतला. त्यामुळे ताशी ८५० किलोमीटरच्या आसपासही त्याची कार्यक्षमता चांगली राहते. झोताचा वेग कमी झाल्याने आवाजही पुष्कळ घटला.

वळसा गुणोत्तर अमर्याद वाढवता मात्र येत नाही. पंखा मोठा झाला की त्याच्याभोवतीचे आवरणही मोठे होते, आणि आवरणाचे वजन व हवेचा अवरोध वाढून कार्यक्षमतेतील लाभ खाऊन टाकतात. पंखाखाली जमिनीपासून जागाही मर्यादित असते. शिवाय मोठ्या पंख्याने सावकाश फिरावे, तर त्याला चालवणाऱ्या टर्बाइनला वेगाने फिरणे सोयीचे असते. प्रॅट अँड व्हिटनीच्या दंतचक्र टर्बोफॅनमध्ये याकरिता पंखा व टर्बाइन यांच्यामध्ये सुमारे ३ : १ प्रमाणाची दंतचक्रे बसवली आहेत.

टर्बोप्रॉप इंजिनात हाच विचार आणखी पुढे नेलेला असतो. त्यात टर्बाइन वायूतील जवळपास सर्व उपयोगी ऊर्जा काढून घेऊन दंतचक्रांमार्फत प्रोपेलर फिरवते, आणि मागे पडणाऱ्या झोतापासून रेट्याचा अल्प भागच मिळतो. त्यामुळे टर्बोप्रॉपचा गाभा जेट इंजिनाचा असला, तरी रेटानिर्मितीच्या दृष्टीने ते प्रोपेलर इंजिनच ठरते.

## बिघाडाची लक्षणे

रेटा निर्माण करण्याच्या पद्धती भिन्न असल्याने त्यातील बिघाडही भिन्न प्रकारे प्रकट होतात. जेट इंजिनात संपीडकातील पात्यांवरून हवेचा प्रवाह सुटला, तर मागचा दाबलेला वायू उलट पुढे येऊ शकतो. या घटनेला संपीडकाची उसळी म्हणता येईल. पक्षी आत शिरणे, पाती झिजणे किंवा समोरून येणाऱ्या हवेत खळबळ असणे ही तिची कारणे असतात. मोठा धमाका, कधी इंजिनातून दिसणाऱ्या ज्वाळा, कंप, टर्बाइनमागील वायूच्या तापमानातील वाढ आणि रेट्यातील चढउतार यांवरून ती ओळखली जाते. वैमानिक प्रथम इंधन कमी करून प्रवाह पूर्ववत होऊ देतो.

प्रोपेलर विमानात इंजिन बंद पडले की समोरची हवाच प्रोपेलर फिरवू लागते. अशा वेळी पाती रेटा देण्याऐवजी विमानाला मागे ओढतात. दोन इंजिनांच्या विमानात यामुळे विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागते. म्हणून पात्यांची धार प्रवाहाच्या दिशेने वळवून त्यांचा अवरोध कमीत कमी करण्याची सोय असते. बंद पडलेल्या जेट इंजिनाचाही अवरोध असतो, परंतु त्याची फिरती पाती आवरणाच्या आत असल्याने तो तुलनेने कमी असतो.

## हेही पाहा

* टर्बोफॅन
* टर्बोप्रॉप
* न्यूटनचे गतीचे नियम
* वायू टर्बाइन